मेंदी गडद करा, हात नका रंगवू



फोटो एडिटिंगचं काम घरून सुरू करणाऱ्यांकडे लग्नसराईत एक ऑर्डर हमखास येते: "नवरीच्या हातावरची मेंदी जरा उठून दिसू दे." काम पाच मिनिटांचं वाटतं. आपण नारंगी रंगाचा स्लायडर वाढवतो, मेंदी खुलते आणि फोटो पाठवून देतो. मग नवरीच्या घरून फोन येतो, "अहो, हात असे भाजल्यासारखे का दिसतायत?" माझं स्पष्ट मत आहे की या कामात Saturation आणि Orange या दोन स्लायडरना हातच लावू नये. का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची पद्धत आपोआप पटेल.

आपल्याकडे मेंदी बहुतेक लग्नाच्या एकदोन दिवस आधी काढतात आणि त्यानंतर हळद लागते. हळद धुतली तरी तिचा पिवळेपणा त्वचेवर राहतो. म्हणजे फोटोत मेंदी नारंगी-तपकिरी आणि तिच्या मधली त्वचा पिवळट-नारंगी. कॉम्प्युटरच्या हिशेबात दोघी एकाच रंगघराण्यातल्या. नारंगी वाढवलं की दोन्ही वाढतात. वेलीच्या मधल्या मोकळ्या जागेत डाग पडतात, नखांभोवतीची कातडी लालसर होते आणि हात एका माणसाचे, चेहरा दुसऱ्याचा असं दिसायला लागतं.

मग मेंदी आणि हळद यांत फरक कुठे सापडतो? प्रत्येक फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो. हळद मुख्यतः निळा प्रकाश शोषते, हिरव्याला फारशी अडवत नाही. मेंदी मात्र निळा आणि हिरवा दोन्ही शोषते. म्हणून हळद लागलेल्या हाताची मेंदी सगळ्यात स्पष्ट दिसते ती हिरव्या थरात. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे हा थर स्वच्छही असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, Info पॅनलमध्ये त्वचेवर कर्सर ठेवला तर लाल 205, हिरवा 150, निळा 85 असे आकडे दिसतात, आणि मेंदीवर लाल 165, हिरवा 88, निळा 52. आता वजाबाकी करा. लाल थरात फरक 40, निळ्यात 33, पण हिरव्यात तब्बल 62. आपल्याला पकडायची जागा हीच.

फोटोशॉपमध्ये Channels पॅनल उघडा आणि Ctrl दाबून Green च्या छोट्या चित्रावर क्लिक करा. उजळ भाग सिलेक्ट होईल. आपल्याला गडद भाग हवाय, म्हणून Select > Inverse करा. आता Layers पॅनलमध्ये येऊन Curves ॲडजस्टमेंट लेयर घ्या. सिलेक्शन आपोआप त्याचा मास्क बनेल. मास्कमध्ये पांढरं म्हणजे काम होणार, काळं म्हणजे होणार नाही.

पण या मास्कमध्ये त्वचा अजून करडी आहे, म्हणजे तीही थोडी काळवंडणार. म्हणून मास्कवर क्लिक करून Ctrl+L ने Levels उघडा. आपल्या उदाहरणात उलट्या मास्कवर त्वचा 105 वर आणि मेंदी 167 वर आली. डावा त्रिकोण 115 च्या आसपास आणि उजवा 165 च्या आसपास आणा. त्वचा काळी झाली, मेंदी पांढरी राहिली. दोन त्रिकोण फार जवळ आणू नका, नाहीतर नक्षीच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या होतात आणि मेंदी स्टिकर वाटते.

मग काळा ब्रश घेऊन हातांखेरीज बाकी सगळं मास्कमधून पुसून टाका: साडी, केस, हिरवा चुडा, आणि विशेषतः बोटांच्या फटींमधली सावली. सावली ही मेंदीसारखीच गडद असते, मास्कला ती वेगळी ओळखू येत नाही. ती ओळखणं तुमचं काम.

शेवटी Curves लेयरचा ब्लेंड मोड Luminosity करा आणि 105 च्या आसपासचा बिंदू 80 पर्यंत खाली ओढा. या मोडमध्ये फक्त उजेड-अंधार बदलतो, रंगाची छटा तीच राहते. Normal ठेवलात तर मेंदी गंजल्यासारखी लाल होईल.

काम बरोबर झालं की नाही, हे कसं ओळखायचं? फोटो 100% वर आणा, लेयरचा डोळा बंद-चालू करा आणि नक्षीकडे न बघता दोन वेलींच्या मधल्या त्वचेकडे बघा. ती हलली तर मास्क गळतोय. डावा त्रिकोण अजून थोडा उजवीकडे न्या.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. तळहाताची कातडी जाड असल्यामुळे तिथे मेंदी गडद चढते, मागच्या बाजूला फिकी. एकाच फोटोत दोन्ही बाजू दिसत असतील तर दोन वेगळे लेयर करा. आणि हिरव्या थरात मेंदी-त्वचेचा फरक दहा-बाराच असेल तर काम घेऊ नका. तेवढ्या फरकात नक्षीबरोबर हातावरच्या सुरकुत्याही काळ्या होतात. फोटोही व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला नको, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. दाबलेल्या फोटोत बारीक नक्षीच्या कडा आधीच गेलेल्या असतात.

आता धंद्याच्या दोन गोष्टी, ज्यांवर मी ठाम आहे.

पहिली. काही ग्राहक म्हणतात, "हात थोडे गोरे करा, मेंदी आपोआप उठेल." नाही म्हणा. हात उजळले की चेहऱ्याशी जुळत नाहीत, मग चेहरा, मग मान, आणि अल्बममध्ये नवरी दुसरीच कुणीतरी दिसते. नक्षी गडद करणं हा फोटोवरचा इलाज आहे, कातडी बदलणं हा नाही.

दुसरी. नवरीच्या अल्बमसाठी हे काम जरूर करा आणि बिलात वेगळी ओळ लावून त्याचे पैसे घ्या. पण मेंदी काढणाऱ्या ताईंनी जाहिरातीसाठी हेच मागितलं तर करू नका. अल्बममधल्या फोटोवर कुणी खरेदी करत नाही. जाहिरातीतला रंग बघून मात्र पुढची नवरी पैसे देते, आणि तो रंग तिच्या हातावर चढला नाही तर भांडण ताईंच्या दारात येतं. त्यापेक्षा त्यांना सांगा, मेंदी काढल्यावर लगेच नाही, तर एकदोन दिवसांनी फोटो घ्या. हवेशी संयोग होऊन मेंदीचा रंग 24 ते 48 तासांत स्वतःच गडद होतो. तो फोटो एडिट न करताही चालेल, आणि त्यातलं एकही आश्वासन खोटं नसेल.