मिशनचा बोर्ड आणि सहा लेथ

आपल्या मेकॅनिकल डिपार्टमेंटच्या दारात सोनेरी अक्षरांचा बोर्ड आहे. 'जागतिक दर्जाचे, मूल्याधिष्ठित अभियंते घडविणारे उत्कृष्टता केंद्र बनणे.' 'अभियंते'च्या जागी 'पोळ्या' घातल्या, तर हाच बोर्ड मेसमध्येही चालेल. एनबीएची कमिटी येणार म्हटलं, की आम्ही तो व्हायव्हासारखा पाठ करतो आणि कमिटी गेली की विसरतो.

चूक कमिटीची नाही. एनबीएच्या अहवालातल्या पहिल्याच निकषात व्हिजन, मिशन आणि पीईओ येतात. पीईओ म्हणजे पास झाल्यावर काही वर्षांत विद्यार्थी कुठवर पोचावा याची उद्दिष्टं. मिशनचा पीईओशी किती संबंध आहे, त्याला १, २, ३ असे आकडे द्यायचे असतात. मिशन मोघम असलं की ते सगळ्याशीच जुळतं आणि तक्त्यात ३-३-३ भरलं जातं. सगळीकडे तीन दिसले, की वाक्यात काही नाही असं खुशाल समजावं.

व्हिजनमध्ये आकडा नसला तरी माझी हरकत नाही, ते लांबचं असतं. मिशनमध्ये मात्र हवा. समजा आपण लिहिलं, 'प्रत्येक विद्यार्थी टर्ममध्ये एक जॉब स्वतःच्या हाताने लेथवर पूर्ण करील.' आता हिशोब करावाच लागतो. बॅच वीसची, चालू लेथ सहा, एकाला अर्धा तास. सहा-सहाच्या तीन फेऱ्यांत अठरा जण होतात, उरलेल्या दोघांसाठी चौथी फेरी. म्हणजे दोन तास पूर्ण गेले. हजेरी आणि टूल सेटिंगला वेळच नाही. तेव्हा एक तर दोन प्रॅक्टिकल द्यायची, नाहीतर बंद पडलेला सातवा लेथ दुरुस्त करायचा. (सातव्यानेही फेऱ्या तीन होतात, मोजून बघा.) सोनेरी बोर्डाने हा प्रश्न कधी विचारला होता का?

आकड्यातही चलाखी होते, हे मान्य. साठ जणांच्या वर्गात 'पात्र' ठरले अठ्ठेचाळीस, नोकरी लागली छत्तीस जणांना. पात्रांवर भागलं तर ७५ टक्के, वर्गावर भागलं तर ६०. त्यात एकाला तीन ऑफर आल्या आणि त्या तीन धरल्या, तर विचारूच नका. म्हणून कशाला भागायचं तेही वाक्यातच ठरवून टाकावं. जॉबचंही तसंच. नुसत्या जर्नलवरच्या सह्या मोजल्या, तर एकाचा जॉब चौघांच्या नावावर फिरतो, हे सांगायला मी कशाला हवा! जॉबवर रोल नंबर पंच करून मग माप घ्यावं.

'मूल्याधिष्ठित' कसं मोजायचं, असं एका सरांनी विचारलं. माझ्या मते ते मोजता येत नाही. मग ते व्हिजनमध्ये राहू द्या, मिशनमधून काढा. तीन वाक्यं पुरेत, आणि दर जूनला त्यांच्यापुढे मागच्या वर्षीचा आकडा खडूने लिहा. खडूच बरा, पुसता येतो.