दातातली चांदी पिवळ्या पिशवीत नको

पंचवटी असो की सिडको, नाशिकच्या कुठल्याही दवाखान्यात आता रंगीत पिशव्या दिसतात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ही शिस्त घालून दिली आहे. रक्ताची पिशवी किंवा तपासणीचा नमुना जागीच ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावा, मग पिवळ्या पिशवीत टाकावा आणि ४८ तासांच्या आत गाडीकडे द्यावा, ही सवय बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबना लागली आहे. अडचण होते ती हीच सवय दंतवैद्यकात जशीच्या तशी वापरली की.

दातात भरलेली ‘चांदी’ म्हणजे अमालगम. वजनाने तिच्यात सुमारे निम्मा पारा असतो. दाढेतले जुने भरण अर्ध्या ग्रॅमचे धरले, तर त्यात पाव ग्रॅम पारा आला. असा दात काढल्यावर तो शरीराचा भाग म्हणून सहज पिवळ्या पिशवीत जातो. ही पिशवी भट्टीत जाळली जाते आणि भट्टीच्या दुसऱ्या कक्षात तापमान हजार अंशांच्या वर असते. पारा ३५७ अंशांनाच उकळतो. तो जळून नाहीसा होत नाही, वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेतही पाऱ्याची वाफ सुटते, आणि ती दवाखान्यातच राहते. म्हणून असा दात ना उकळायचा, ना जाळायचा. फॉर्मालिनमध्ये निर्जंतुक करून वेगळा ठेवायचा. वापरलेले फॉर्मालिनही बेसिनमध्ये ओतायचे नाही, हे ओघानेच आले.

जुने भरण कोरताना उडालेला चुरा सक्शनमधून आणि चूळ टाकण्याच्या भांड्यातून गटारात जातो. खुर्चीजवळची जाळी मोठे कण अडवते, बारीक कण निसटतात. ते अडवण्यासाठी अमालगम सेपरेटर लागतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो किमान ९५ टक्के अमालगम पकडतो. युरोपीय संघात तो २०१९पासून आणि अमेरिकेत बहुतेक दंत दवाखान्यांना २०२०पासून सक्तीचा आहे. आपल्याकडे निदान जाळीतला गाळ तरी बेसिनमध्ये धुऊ नये. आणि सक्शनची नळी ब्लीचने साफ करू नये. रक्ताच्या डागांसाठी योग्य असलेले हायपोक्लोराइट नळीत साचलेल्या अमालगममधला पारा विरघळवते. मग सेपरेटर असला तरी तो पारा पाण्याबरोबर निघून जातो. नाशिकमध्ये ते पाणी शेवटी गोदावरीच्याच वाटेला लागते.

गाळ, उरलेले अमालगम आणि रिकाम्या कॅप्सूल घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या बरणीत साठवता येतात. पण ती बरणी द्यायची कोणाला? एका दवाखान्यात वर्षभरात जमते ते थोडेसेच. तेवढ्यासाठी घातक कचऱ्याची गाडी येणार नाही, आणि डॉक्टरही ती घेऊन तळोजा किंवा रांजणगाव गाठणार नाहीत. दंतवैद्यक संघटनेच्या नाशिक शाखेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इथल्या कार्यालयाने सहा महिन्यांतून एकदा, एकाच ठिकाणी या बरण्या गोळा कराव्यात. तोपर्यंत तपासणीला येणाऱ्यांनी पिशव्यांच्या रंगाबरोबर या बरणीचीही चौकशी करावी.