भावाला भुलू नका, तोड्याचा हिशेब मांडा



गेल्या महिन्यात गावात बैठक झाली. पाहुणे आले होते, कपडे कडक, हातात मोबाईल. म्हणाले, रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसायचे दिवस संपले, आता अ‍ॅपवर विका, दलाल हटवा, किलोमागं जास्त भाव घ्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागं बसलेला एक म्हातारा पुटपुटला, "अ‍ॅप-बिप सगळं खोटं, रस्त्यावर बसलं की दुप्पट पैसे." त्याच्यापाशी बसलेल्यांनी माना डोलावल्या.

मला दोघांचं बी पटलं नाही. दोघं एकच चूक करतात. दोघं किलोचा भाव सांगतात. आपल्या घरात किलोचा भाव येत नाही, एका तोड्याचे पैसे येतात. ज्याच्याकडं दहा-वीस गुंठे भाजी आहे त्यानं तोड्याचा हिशेब मांडल्याशिवाय कोणाच्या नादी लागू नये. मी दोन्ही धंदे करून बघितले. वहीतले आकडे खाली देतो.

आधी एक गोष्ट. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. कंपनीची गाडी बाजार समितीच्या बाहेर, थेट शिवारात येऊन माल उचलते, तिच्या वाटेतली अडचण त्याच निर्णयानं गेली. शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाईकाला विकायला बी तोच निर्णय बळ देतो. म्हणजे दोन्ही दारं उघडी आहेत. प्रश्न एवढाच, की आपल्या मालाचं माप कोणत्या दारातून जातं.

माझी दहा गुंठे भेंडी होती, पावसाळी. आमच्या नांदगाव तालुक्यात पाण्याचं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं भाजी बहुतेक पावसाच्या भरवशावर. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. एक दिवस चुकला की शेंग लांबते, निबर होते, मग ती गुरांपुढंच टाकायची. ऐन भरात एका तोड्याला ५० किलो निघायची. हे ५० किलो धरूनच दोन्हीकडचा हिशेब बघा. तोडणीची मजुरी दोन्हीकडं सारखीच, म्हणून ती बाजूला ठेवली.

पहिल्या वर्षी एका अ‍ॅपवाल्या कंपनीला माल दिला. नाव घेत नाही. भाव ३२ रुपये किलो सांगितला. त्या आठवड्यात बाजारात २० चालू होता, म्हणून मी बी खुश. पण अट अशी, की शेंग सरळ पाहिजे, कोवळी पाहिजे, बोटाएवढी पाहिजे, अळीचं भोक नको, डाग नको. घरी दोन तास बसून निवडली तेव्हा ५० मधली ३६ किलो क्रेटमध्ये गेली. वाकडी, जाड, डागी १४ किलो घरी राहिली. गाडी नाशिककडं गेली. तिकडं त्यांच्या माणसानं परत निवडलं आणि ३१ किलो घेतली. राहिलेली ५ किलो कुठं गेली, मला कधी कळलं नाही. ती काही कोणी शंभर किलोमीटरवरून परत आणून देत नाही.

३१ किलोचे ३२ नं ९९२ रुपये झाले. दोन क्रेटचं भाडं ८० गेलं, राहिले ९१२. घरची १४ किलो गावातल्या भाजीवाल्या बाईला १२ रुपयानं दिली, त्याचे १६८. सगळे मिळून १०८० रुपये. ५० किलोवर वाटून बघा, किलोला साडेएकवीस रुपये पडले. भाव ३२ चा, हातात साडेएकवीस, ते बी आठ दिवसांनी. बैठकीत पाहुण्यांनी ३२ चा आकडा सांगितला, साडेएकवीसचा नाही. दलाल हटला म्हणता, पण निवडणारा, वजन करणारा आणि भाव ठरवणारा तोच एक माणूस असेल तर दलाल फक्त डोळ्याआड गेला.

आता म्हाताऱ्याचं ऐका. दुसऱ्या वर्षी तीच दहा गुंठे भेंडी घेऊन घरची रस्त्याच्या कडेला बसली. किलोला ४० रुपये. ५० किलोचे २००० झाले असं गावात सगळ्यांना वाटायचं. कसले २०००?

सकाळी सहाला तोडलेली भेंडी दुपारपर्यंत सुकते, वजन उतरतं. गिऱ्हाईकाला झुकतं माप द्यावं लागतं, काटा बरोबर एक किलोवर थांबवला तर ते परत येत नाही. या दोन्हीत ३ किलो गेली. राहिली ४७. आणि भेंडीची एक खोड सगळ्या भाजीवाल्यांना माहीत आहे. बाया शेंडा मोडून बघतात, कट्कन मोडला तर कोवळी. दहा जणींनी हात लावला की ढिगात शेंडे मोडलेल्या शेंगा राहतात, त्या अकराव्या बाईला नको असतात.

३० किलो ४० नं गेली, त्याचे १२००. संध्याकाळी १० किलो २५ नं काढली, २५०. ७ किलो परत घरी आली. एकूण १४५०. पेट्रोल, बाजाराची पावती, पिशव्या धरून १०० खर्च. उरले १३५०. आता इथं बहुतेक जण हिशेब थांबवतात. थांबू नका. सकाळी आठ ते संध्याकाळी सात एक माणूस तिथं बसलं होतं. तेच माणूस दुसऱ्याच्या कांद्यात गेलं असतं तर ३५० रुपये रोज मिळाला असता. तो रोज वजा केला की राहिले १००० रुपये. म्हणजे अ‍ॅपपेक्षा ८० रुपये कमीच!

घरच्या माणसाची मजुरी धरायची नाही, ही आपली जुनी खोड. बायकोचा दिवस फुकट धरला की कोणताबी धंदा फायद्याचा दिसतो.

मग रस्त्यावरचं दुकान तोट्याचं का? नाही. चूक दुकानाची नव्हती, माझ्या पेरणीची होती. नांदगावसारख्या गावात एका जागी बसून दिवसाला ५० किलो एकच भाजी संपत नाही. घरात चार माणसं असली तर बाई पाव-अर्धा किलो भेंडी घेते, आणि मग विचारते, "मेथी नाही का? कोथिंबीर?" नाही म्हटलं की ती पुढच्या दुकानावर जाते, आणि उद्याची भेंडी बी तिथूनच घेते. अ‍ॅपच्या गाडीला एकच भाजी क्रेट भरून लागते. रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाला पाच भाज्या थोड्या-थोड्या लागतात. हा खरा फरक आहे, आणि तो विकताना नाही, पेरताना ठरतो.

तिसऱ्या वर्षी त्याच दहा गुंठ्यात भेंडी चार गुंठे ठेवली. तीन गुंठे वांगी, एक गुंठा मिरची, आणि दोन गुंठ्यात मेथी-कोथिंबिरीचे छोटे वाफे. वाफे एकदम पेरायचे नाहीत. दर आठ दिवसांनी थोडे पेरायचे, म्हणजे एक उपटून संपला की दुसरा तयार असतो. मेथी साधारण महिनाभरात येते, त्यामुळं चार-पाच टप्पे पुरतात.

त्या हंगामातला एक साधा दिवस घ्या. भेंडी १८ किलो, ४० नं ७२०. वांगी १२ किलो, ३० नं ३६०. मेथी ३० जुड्या, १० नं ३००. कोथिंबीर २५ जुड्या, त्याचे २५०. मिरची ५ किलो, ६० नं ३००. बेरीज १९३०. घट, झुकतं माप, कोमेजलेल्या जुड्या, फुकट दिलेल्या चार मिरच्या यात २३० गेले. हातात १७००. खर्च १००, माणसाचा रोज ३५०. राहिले १२५०. अ‍ॅपपेक्षा १७० जास्त, आणि तेबी त्याच संध्याकाळी रोख. वाकडी वांगी, जाड मिरची सगळी खपली, कारण गिऱ्हाईक स्वतः निवडून घेतं. कोणी वाकडं पसंत केलं नाही तर भाव दोन रुपये खाली येतो, पण माल फेकला जात नाही.

१७० हा काही खजिना नाही, मला माहीत आहे. दुप्पट-तिप्पट म्हणणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, वही दाखवा.

आता अ‍ॅपची बाजू बी प्रामाणिकपणे सांगतो. ज्याच्याकडं एक-दोन एकर एकच भाजी आहे त्याला रस्त्यावर बसून भागणार नाही. चार क्विंटलचा तोडा कोणत्या कोपऱ्यावर विकणार? ज्याच्या घरात बसायला माणूस नाही, त्याचंही तसंच. आणि आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून पिकअप भरली तर भाडं कमी पडतं, निवडीवर भांडायला बी जोर येतो. अशांनी जरूर द्यावा. पण देण्याआधी तीन गोष्टी कागदावर, निदान मोबाईलवर लिहून घ्या. नाकारलेला माल परत देणार का, आणि नाही तर त्याचा भाव काय. वजन कोणाच्या काट्यावर धरणार. पैसे कोणत्या वारी येणार. माल निघायच्या आधी शिक्का मारलेल्या काट्यावर क्रेटचं वजन करून आकड्यासकट फोटो काढा. मी काढला नाही, म्हणून ५ किलोचा जाब कोणाला विचारता आला नाही.

आणि मोबाईल रस्त्यावर बसणाऱ्यालाही उपयोगी आहे, त्यासाठी कंपनी लागत नाही. आमच्याकडं ठरलेली तीसेक गिऱ्हाईकं आहेत. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतो, उद्या काय-काय आहे. सकाळी किती जुड्या उपटायच्या हे त्यावरून कळतं. उपटलेली मेथी उरली की गेली, वाफ्यात उभी असली तर आणखी दोन दिवस थांबते. आमच्याकडची निम्मी नासाडी एवढ्यानं कमी झाली.

कृषी खात्याच्या साहेबांना एक हात जोडून विनंती. पुढच्या बैठकीत भाव सांगू नका. ५० किलो तोडल्यातले किती घेतले, किती नाकारले, पैसे किती दिवसांनी आले आणि शेवटी तोड्यामागं किती राहिले, एवढं फळ्यावर लिहा. मग अ‍ॅप चांगलं की रस्ता, हे आम्हाला कोणी सांगायची गरज पडणार नाही.

बांधवांनो, माझे आकडे माझ्या गावचे, तुमचे वेगळे निघतील. तुमच्या एका तोड्याचा हिशेब खाली लिहा. घरच्या माणसाचा रोज धरून लिहा.