‘उपासमार’ हा शब्द कोणाचा?

‘आय अॅम स्टार्व्हिंग’ या वाक्याचे ‘मी उपासमारीने मरतो आहे’ असे भाषांतर करणारा माणूस शब्दकोशाच्या न्यायालयात निर्दोष सुटतो, आणि आमची तक्रार नेमकी त्या न्यायालयाविषयीच आहे. डब केलेल्या मालिकांत ऑफिसातून परतलेला खुशालचेंडू नायक हे वाक्य आईला ऐकवतो. आई हसत पोळ्या लाटत राहते. मराठी आईने हे ऐकले असते तर लाटणे हातातून गळून पडले असते.

हेच वाक्य लालबागच्या एखाद्या चाळीत उच्चारून पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्या संपाची रीतसर समाप्ती अशी कधी झालीच नाही. वाण्याची उधारी थकली, भांडी मोडीत गेली, कित्येक कुटुंबांनी कोकणातली किंवा घाटावरची वाट धरली. या वस्तीत ‘उपासमार’ हे एका ठरावीक काळाचे नाव आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकातले घर याच पडझडीतले. तिथले कोणी ‘उपासमार’ म्हणाले तर प्रेक्षकाने ते शब्दशः घ्यायचे असते.

इंग्रजीतल्या शब्दाचा प्रवास उलटा झाला. ‘स्टार्व्ह’चा मूळ अर्थ नुसता ‘मरणे’. जर्मनमधले ‘श्टेर्बेन’ त्याचे भावंड. पुढे तो भुकेने मरण्यापुरता उरला आणि रोजच्या वापराने इतका झिजला, की आज जेवणाला अर्धा तास उशीर झाला तरी तो चालतो. आपली ‘उपासमार’ अशी झिजलेली नाही. भाषांतरकाराने नेमकी ही झीज मोजायची असते. तो मात्र शब्दाचे मूळ वजन आणून वाचकाच्या ताटात टाकतो.

यावर काही सहकारी एक सोज्वळ उपाय सुचवतात: ‘मला खूप भूक लागली आहे’ असे लिहावे. आम्हांला हाही पटत नाही. बोलणाऱ्याने अतिशयोक्ती केली आहे, आणि ती गाळणे म्हणजे त्याचा स्वभावच गाळणे. मराठीत अतिशयोक्तीचा काय दुष्काळ आहे? भूक ‘कडकडून’ लागते, ‘सपाटून’ लागते; पोटात कावळे ओरडतात. हे कावळे घरात, मित्रांत शोभतात. वरिष्ठांसमोर कोणी ते उडवत नाही, तिथे ‘कडकडून’ पुरते. मराठीत भूक माणसाला ‘लागते’, कावळे पोटात ओरडतात, पिट्टा अंगाचा पडतो. अतिशयोक्ती अवयवावर किंवा क्रियाविशेषणावर बसते आणि ‘मी’ शाबूत राहतो. ‘मी उपासमारीने मरतो आहे’ या वाक्यात तो ‘मी’च संकटात सापडला आहे, ऐकणारा घाबरतो तो त्यामुळे.

‘डेड टायर्ड’च्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण मराठीही दमून मरते. फक्त कोणत्या पुरुषात आणि कोणत्या काळात, ते पाहावे लागते. ‘मेले बाई जिने चढून चढून’ हे निर्धोक आहे, कारण मेलेले माणूस स्वतः बोलत नाही. भूतकाळानेच ऐकणाऱ्याला अभय दिलेले असते. ‘मी मरतोय’ म्हटले की वर्तमानकाळ आला, मदतीची हाक आली. आणि आता ‘ही वॉज डेड टायर्ड’ घ्या. एका विद्यार्थ्याने ते ‘तो दमून मेला’ असे केले. व्याकरण बिनचूक, पण पात्र पुढच्याच परिच्छेदात चहा पिते! तृतीय पुरुषात हे क्रियापद बातमी होते. तिथे ‘त्याच्या अंगाचा पिट्टा पडला होता’ किंवा ‘तो मरणाचा दमला होता’ असे लिहावे. इंग्रजीतले ‘डेड’ या ठिकाणी केवळ तीव्रता दाखवते, आणि ‘मरणाचा’ हे विशेषण अगदी तेच काम करते: मरणाचे ऊन, मरणाचा कंटाळा. शतकांची झीज इथे दोन्ही भाषांत सारखी झाली आहे. मृतवत्, गतप्राण वगैरे संस्कृत शब्दांकडे धाव घेण्याचे कारणच नाही.

‘आय अॅम स्टफ्ड’वर फार वेळ घालवायला नको. ‘मी ठासून भरलो आहे’ वाचले की भरली वांगी आठवतात, आणि ‘पोट फुगले आहे’ म्हटले की घरचे ओव्याची बरणी शोधतात. ‘पोट तुडुंब झालं’, ‘पाण्यालाही जागा नाही’ हे आपले प्रयोग. ‘तडस लागली’ हा तर नेमका शब्द, जरी तो आता वर्गात समजावून सांगावा लागतो. मात्र तो मित्राजवळ बोलायचा. वाढणारी यजमानीण चमचा घेऊन उभी असेल, तर त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ ‘आता वाढू नका’ एवढाच असतो, आणि त्याचे मराठी भाषांतर बहुधा ताटावर आडवा धरलेला हात आणि ‘अहो, पुरे, खरंच पुरे’ इतकेच होते.