धूर नाही, म्हणून धोका नाही?

औंधला यमाईच्या यात्रेला बाहेरगावी स्थायिक झालेली मंडळी परततात. त्यांतल्या एखाद्याच्या खिशातून हल्ली पेनासारखी नळी निघते. तीत बोटभर कांडी खोचायची, ती तापेपर्यंत थांबायचं आणि ओढायचं. "ही जळतच नाही, मग अपाय कसला?" हा त्याचा युक्तिवाद. शेजारचा म्हणतो, "सिगारेट काय नि व्हेप काय, सगळं सारखंच." दोघेही चुकतात; पहिला अधिक.

सारखं का नाही, ते आधी पाहू. कांडीत तंबाखूच्या भुग्याचा ग्लिसरीन मुरवलेला पापुद्रा असतो. 'आयकॉस'सारखं उपकरण तो 350 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतं. झुरका घेताना सिगारेटचं टोक मात्र 600 अंशांच्या बरंच वर जातं. जळण नाही म्हणून राख नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही फारच कमी. व्हेपमध्ये तर पान नसतंच. निकोटिन मिसळलेला द्रव तापतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पान सुकवताना-मुरवताना तयार होणारी कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स कांडीच्या वाफेत उतरतात: सिगारेटपेक्षा कमी, पण व्हेपपेक्षा जास्त.

आता 'अपाय कसला' याचं उत्तर. पान न जळताही, नुसत्या तापण्याने फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. निकोटिन तर भरपूर मिळतं. अशा माणसाच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला तर तो जवळपास निर्व्यसनी दिसेल. पण लघवीतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनची खूण, त्याचं व्यसन उघडं पाडेल.

"अमेरिकेने मान्यता दिली," हा पुढचा मुद्दा. जुलै 2020 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने काय केलं? सिगारेट पूर्ण सोडून आयकॉसकडे वळल्यास घातक रसायनांचा संपर्क घटतो, एवढंच म्हणायची मुभा दिली. रोगाचा धोका घटतो, असं म्हणू दिलं नाही. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यातही संपर्क घटल्याचंच दिसलं, आणि सुरक्षिततेच्या सर्व 11 चाचण्यांचा खर्च तंबाखू कंपन्यांनी केलेला होता. हे उत्पादन बाजारात आलं 2014 मध्ये. फुप्फुसाचा कर्करोग दिसायला दशकं लागतात.

तेव्हा आमचं म्हणणं असं. सिगारेट खरोखर शून्यावर आली, तरच संपर्क घटल्याचा काही अर्थ. घरात कांडी आणि टपरीवर सिगारेट, असं चाललं तर हिशेब फसतो. दिवसाला एक सिगारेटसुद्धा हृदयरोगाचा वीस सिगारेटींच्या जवळपास निम्मा वाढीव धोका देते. ज्याने कधी ओढलीच नाही, त्याला तर हा निव्वळ तोटा. शिवाय भारतात 2019 च्या कायद्याने व्हेपबरोबर या उपकरणांचीही आयात आणि विक्री बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कमी विष म्हणजे औषध नव्हे. सोडायचंच असेल, तर 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.