सावली मोजणे सोपे, जमीन मोजणे कठीण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीच्या बातम्या येतात. शिवथरघळीच्या परिसरात हा दिवस १२-१३ मेच्या सुमारास येतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. फोटो निघतात, टाळ्या पडतात. पण शाळांना सुट्टी असते. जुलैअखेरीस हा योग पुन्हा येतो, तेव्हा इथे सूर्यच दिसत नाही. माझे म्हणणे असे की, सावली नाहीशी होण्यापेक्षा ती किती लांब पडते हे मोजणे अधिक मोलाचे. त्यासाठी २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपासची दुपार निवडावी.

या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. त्यामुळे मध्यान्हीच्या सावलीतून जो कोन मिळतो, तोच त्या गावाचा अक्षांश. शिवथरला एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ३३ सेंटीमीटर पडेल, म्हणजे कोन १८ अंशांहून थोडा जास्त. शिवथरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला राजस्थानातले उदयपूर आहे. तिथे तशाच काठीची सावली सुमारे ४६ सेंटीमीटर येईल. कोन साधारण साडेचोवीस अंश. फरक ६.४ अंश. पूर्ण वर्तुळात असे सुमारे ५६ तुकडे बसतात. दोन गावांमधले अंतर ५६ पट केले की पृथ्वीचा परीघ मिळाला.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हेच त्रैराशिक मांडले आहे : दक्षिणोत्तर असलेल्या दोन नगरांच्या अक्षांशांत इतका फरक आणि मध्ये इतकी योजने, तर ३६० अंशांना किती? त्यांनी परीघ ४९६७ योजने दिला. त्यांच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने अलेक्झांड्रिया आणि सायीन या नगरांवरून अडीच लाख स्टेडिया असे उत्तर काढले होते.

आता ‘आपल्या पूर्वजांनी अचूक माप काढले’ असे म्हणण्याआधी थांबावे. योजन आठ किलोमीटरचे धरले तर भास्कराचार्यांचा परीघ ३९,७०० किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे आजच्या ४०,००० च्या अगदी जवळ. पण योजनाची लांबी ग्रंथागणिक बदलते. उत्तर जुळावे म्हणून आठ किलोमीटर निवडले, तर आपण पृथ्वी मोजली नाही, योजन मोजले. स्टेडियाचेही तसेच. एक स्टेडियम १५७ मीटरचे धरा, परीघ ३९,२५० किलोमीटर. १८५ मीटरचे धरा, ४६,२५०. पद्धत निर्दोष आहे. अडचण जमिनीवरच्या अंतराची आहे, आणि ती दोघांनाही होती.

आजही ती आहे. शिवथर ते उदयपूर नकाशावर सुमारे ७१० किलोमीटर. पण नकाशाचे अंतर पृथ्वीचा आकार माहीत असल्यावरच काढलेले असते. ते वापरले तर उत्तर आधीच खिशात घेऊन परीक्षेला बसल्यासारखे होते. गाडीच्या मीटरवर घाटवळणांसकट समजा ९०० किलोमीटर भरले, तर परीघ ५०,००० च्या वर जातो. वळणे किती वजा करायची, हा खरा प्रश्न. जुन्या काळी पावले मोजत जाणाऱ्यांपुढेही तोच होता.

सावलीतही फसगत होते. आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ शिवथरच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर ठरली आहे. त्यामुळे २१ मार्चला शिवथरला सूर्य माथ्याच्या रेषेत येतो तो पाऊण वाजण्याच्या सुमारास. बाराला मोजणाऱ्याला ३३ ऐवजी ३८ सेंटीमीटर सावली मिळेल. म्हणून सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी टोकावर खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली घ्यावी. काठी ओळंब्याने उभी करावी, खालची जमीन पाण्याची पातळी लावून सपाट करावी.

शिवाय सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. म्हणून मीटरभर काठीच्या सावलीची कड सेंटीमीटरभर पुसट असते. शिवथर आणि महाड यांच्या सावल्यांतला फरक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, तो या पुसटपणात हरवून जाईल. म्हणून गावे दूरच हवीत. तरीही कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर उदयपूरच्या हिशेबात परीघ तीन हजार किलोमीटरने हलतो.

तेव्हा शाळांनी एवढे करावे. दूरच्या एखाद्या शाळेशी जोडी जमवावी, दोन्हीकडे एकाच दुपारी सावली मोजावी आणि अंतर कसे धरले ते वहीत लिहावे. उत्तर ३६,००० आले तरी चालेल, ४५,००० आले तरी चालेल. त्याच्यापुढे चूक किती असू शकते आणि ती कुठून आली, हे दोन ओळींत असावे. वहीत नेमके ४०,००० दिसले, तर गुरुजींनी शाबासकी द्यायच्या आधी अंतर कुठून घेतले ते विचारावे.