विश्लेषण : यात्रेतली विक्री ‘संशयास्पद’ का ठरते?

सातारा जिल्ह्यातील औंधच्या यमाईदेवीची यात्रा पौष महिन्यात भरते. गर्दीमुळे दुकानांत क्यूआर कोडवरून जमा होणारी रक्कम एकदम वाढते. अशा वेळी व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा ‘असामान्य व्यवहार’ असा इशारा देऊ शकते. खात्याची तपासणी सुरू झाली, तर ऐन यात्रेत दुकानदाराचे पैसे अडकतात.

इशारा कसा ठरतो?

समजा, एका पेढेवाल्याकडे रोज सरासरी ८,००० रुपये जमा होतात आणि त्यात साधारण २,००० रुपयांचा चढउतार असतो. सरासरीपेक्षा चढउताराच्या तिपटीहून जास्त फरक पडला की इशारा, असा नियम असेल तर मर्यादा १४,००० रुपये होते. यात्रेच्या दिवशी ४०,००० रुपये जमा झाले की इशारा ठरलेलाच.

गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना केली तर?

तरीही चूक होते. यात्रा तिथीवर चालते, तर यंत्रणा तारखेवर. हिशेबासाठी मुख्य दिवस पौष पौर्णिमा धरू. ती २०२४ मध्ये २५ जानेवारीला होती, २०२५ मध्ये १३ जानेवारीला आणि २०२६ मध्ये ३ जानेवारीला. म्हणजे २०२५ मध्ये दोन खोटे इशारे मिळाले असते: १३ तारखेला ‘विक्री अचानक वाढली’ आणि २५ तारखेला ‘विक्री अचानक घटली’. २०२६ मध्ये अधिक महिना असल्याने पुढची पौष पौर्णिमा २२ जानेवारी २०२७ला येते. त्यामुळे ‘दरवर्षी अकरा दिवस आधी’ हा ठोकताळाही चालत नाही.

मग उपाय काय?

दिवस तारखेने न मोजता यात्रेपासून मोजायचे: दोन दिवस आधी, मुख्य दिवस, दुसरा दिवस. त्या दिवशीची विक्री नेहमीच्या किती पट होते, हे मागच्या वर्षांवरून काढायचे. ती साधारण पाचपट असेल, तर ४०,००० रुपये अपेक्षितच आहेत. नेहमीची सरासरी काढताना मात्र यात्रेचे दिवस वगळायचे. नाहीतर सरासरी आणि चढउतार दोन्ही फुगतात आणि पुढे आडदिवशी झालेला खरा गैरव्यवहारही नजरेतून सुटतो.

यात्रेपुरते इशारे बंद ठेवले तर?

ते धोक्याचे आहे. मुख्य दिवशी फक्त ९,००० रुपये जमा झाले, तर जुन्या नियमाने सगळे ठीक दिसेल. प्रत्यक्षात कुणी दुकानातल्या क्यूआर कोडवर स्वतःचा कोड चिकटवलेला असू शकतो. तसेच ४०,००० रुपये शंभर-शंभरच्या चारशे व्यवहारांतून आले, तर ती यात्रेची गर्दी. तेच दोन व्यवहारांत आले, तर चौकशी हवी.

मर्यादा कोणती?

यात्रा वर्षातून एकदाच येते, त्यामुळे तीन वर्षांच्या नोंदींतूनही मुख्य दिवसाचे तीनच आकडे मिळतात. म्हणून अपेक्षित विक्रीचा पट्टा रुंद ठेवावा लागतो. आणि नव्या दुकानाकडे तर मागचे आकडेच नसतात. तिथे शेजारच्या तशाच दुकानांची वाढ पाहून अंदाज बांधावा लागतो.